फाइलच्या नावातली आठ अक्षरं

साइट विस्कटलेली दिसते, बटणं भलतीकडे सरकलेली असतात, म्हणून मदतकक्षाला फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: ‘कॅशे साफ करून बघा.’ बहुतेकदा उपाय लागूही पडतो, आणि आपल्याच ब्राउझरमध्ये काहीतरी खोट असावी असं समजून आपण फोन ठेवतो. पण ब्राउझरने त्या साइटचा शब्द तंतोतंत पाळलेला असतो. तो शब्द द्यायला नको होता, इतकंच.

कोणतंही पान उघडताना ब्राउझर आधी एचटीएमएल फाइल मागवतो. तिच्यात बाकीच्या फायलींची नावं असतात: मांडणी सांगणारी सीएसएस, पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट, चित्रं, फॉन्ट. प्रत्येक फाइल पाठवताना सर्व्हर सोबत काही ओळी जोडतो. त्यांना हेडर म्हणतात. त्यातली एक अशी असू शकते:

```
Cache-Control: max-age=86400
```

आकडा सेकंदांचा आहे. 86,400 सेकंद म्हणजे एक दिवस. ही प्रत दिवसभर ताजी समज, असं सर्व्हर सांगतो आहे. मग दिवसभर ब्राउझर त्या फाइलसाठी सर्व्हरकडे विचारणाच करत नाही, आपल्याजवळची प्रत वापरतो. यात मोठी बचत आहे. सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियात असेल तर मुंबईपासून ते अंतर सुमारे 13 हजार किलोमीटर भरतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी सरळ टाकली तरी जाऊन-येऊन 130 मिलिसेकंद लागणारच. यंत्रं कितीही वेगवान केली तरी हा वेळ कमी होत नाही. तो वाचवायचा तर विचारणा टाळणं हाच मार्ग.

आता समजा, पुस्तकं विकणाऱ्या एका साइटने `style.css` या फाइलला असा एक दिवस दिला आहे. एक वाचक सोमवारी सकाळी अकराला साइटवर येऊन गेला. दुपारी दोनला दुकानाने पान नव्याने मांडलं, एचटीएमएल बदललं आणि `style.css`ही बदलली. तीन वाजता तोच वाचक परत आला. एचटीएमएल त्याला नवं मिळालं, पण `style.css` त्याच्याकडे ‘ताजी’ आहे, मंगळवारी सकाळी अकरापर्यंत. नव्या पानाला जुनी मांडणी लागली आणि पान विस्कटलं. दुकानाला हे कळतही नाही, कारण त्या फाइलची विचारणा त्यांच्या सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. कळलं तरी हातात काही नाही. एचटीटीपीत ब्राउझर विचारतो आणि सर्व्हर उत्तर देतो. सर्व्हरने आपणहून वाचकाच्या मोबाइलमध्ये शिरून ठेवलेली प्रत पुसावी, अशी सोय त्यात नाही. तक्रार गेली की प्रोग्रामर स्वतःच्या यंत्रावर पाहतो आणि म्हणतो, ‘आमच्याकडे तर नीट दिसतंय.’ तेही खरंच असतं. त्याच्या ब्राउझरच्या तपासणी-पटलात `Disable cache` या चौकटीवर बहुधा कायमची खूण असते.

हेडर लावलंच नाही तर प्रश्न मिटेल, असं वाटू शकतं. उलट तो जास्त बिकट होतो. सर्व्हरने मुदत सांगितली नाही तर ती अंदाजाने ठरवायची मुभा ब्राउझरला आहे. फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला, त्याच्या दहा टक्के ही रूढ रीत आहे. शंभर दिवस न बदललेली फाइल मग दहा दिवस न विचारता वापरली जाऊ शकते. साइटवाल्याने शब्द दिलेला नाही, आणि तो पाळला मात्र जातो आहे.

दुसरं टोक म्हणजे दर वेळी विचारायचं. त्यासाठी ईटॅग आहे. एचटीटीपीच्या 1.0 आवृत्तीत फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ सांगता येत होती, पण ती सेकंदापर्यंतच. एकाच सेकंदात दोनदा बदललेली फाइल त्यातून निसटायची. जानेवारी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 1.1 आवृत्तीत `Cache-Control`च्या बरोबरीने ईटॅग आला. सर्व्हर फाइलसोबत एक ओळखखूण देतो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी विचारतो:

```
If-None-Match: "66f1a2c4-9c40"
```

माझ्याकडे या खुणेची प्रत आहे, तुझ्याकडेही अजून हीच आहे का? खूण जुळली तर सर्व्हर `304 Not Modified` एवढंच कळवतो आणि फाइल पाठवत नाही. बदलली असेल तर `200` या क्रमांकाने नवी फाइल आणि नवी खूण येते.

वरची खूण एन्जिनएक्स या लोकप्रिय सर्व्हरच्या पद्धतीची आहे आणि ती वाचताही येते. उजवीकडचं `9c40` सोळा अंकांच्या पद्धतीतून उलगडलं की 40,000 मिळतं, म्हणजे फाइल 40 हजार बाइटची. डावीकडची संख्या 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद सांगते. हिशोब केला तर 23 सप्टेंबर 2024, भारतीय वेळेनुसार रात्रीचे पावणेअकरा वाजून गेलेले. कुणीतरी रात्री उशिरा फाइल चढवली, हे जगातल्या कुणालाही दिसतं! पण यातच या खुणेची कमजोरीही आहे. वेळ आणि आकार तिच्यात आहेत, मजकूर नाही. एक अक्षरही न बदलता फाइल पुन्हा चढवली आणि तिच्यावर नवी वेळ पडली, की खूण बदलते आणि सगळ्यांना तीच फाइल पुन्हा उतरवावी लागते. एका साइटमागे दोन सर्व्हर असले आणि त्यांवर फाइल काही सेकंदांच्या फरकाने पोचली, तर एकाने दिलेली खूण दुसरा ओळखत नाही.

खूण मजकुरावरून काढली तर हा दोष जातो. पण विचारणेची ती फेरी मात्र उरते. `304`ने बाइट वाचतात, 130 मिलिसेकंद वाचत नाहीत.

म्हणजे मुदत लांब द्यावी तर चूक परत घेता येत नाही, आणि दर वेळी विचारावं तर वेळ जातो. यातून सुटायला निघालेली युक्ती मला वेबच्या कारागिरीतली सगळ्यात देखणी वाटते: फाइल कधी बदलायचीच नाही. मजकूर बदलला की ती दुसऱ्या नावाची दुसरी फाइल. वर्तमानपत्राचा कालचा अंक घरोघरून गोळा करत कुणी फिरत नाही. आजचा अंक आजची तारीख घेऊन येतो, तसंच.

इथे तारखेच्या जागी हॅश असतो. हॅश म्हणजे कितीही लांब मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची अक्षरमाला. एमडी5 या जुन्या पद्धतीने `hello` या शब्दाचा हॅश `5d41402a` असा सुरू होतो. पहिलं अक्षर मोठं करून `Hello` लिहिलं तर तो `8b1a9953` असा सुरू होतो. मजकूर एवढासा हलला तरी हॅश ओळखू न येण्याइतका बदलतो, आणि मजकूर तोच असेल तर कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही दिवशी हॅश तोच निघतो. सोळा चिन्हांतली आठ अक्षरं घेतली तर सुमारे 429 कोटी वेगवेगळी नावं होतात. एका साइटच्या फायलींना ती पुरून उरतात.

वेबपॅक किंवा व्हीटसारखं बिल्ड साधन फायली बांधताना हे आपोआप करतं. `style.css`ची `style-5d41402a.css` होते आणि एचटीएमएलमध्ये तेच नाव लिहिलं जातं. आता या फाइलला बिनधास्त सांगता येतं:

```
Cache-Control: max-age=31536000, immutable
```

म्हणजे एक वर्ष. `immutable` हा शब्द पुढे जोडला गेला, कारण लोक रिफ्रेश दाबत तेव्हा ब्राउझर ताज्या फायलींचीही खात्री करायला जात आणि सर्व्हर `304` वाटत बसत. हा भार फेसबुकला विशेष जाणवला होता. 2016 मध्ये फायरफॉक्सने हा शब्द स्वीकारला आणि 2017 मध्ये त्याचं मानक झालं.

एचटीएमएलला मात्र नाव बदलायची मुभा नाही. वाचक त्याच पत्त्यावर येणार. म्हणून त्याला `no-cache` लावतात. नावावरून प्रत ठेवूच नये असं वाटेल, पण तो अर्थ `no-store`चा आहे. `no-cache`चा अर्थ प्रत ठेव, फक्त वापरण्याआधी दर वेळी विचार. ईटॅग इथे कामी येतो. पुस्तकांच्या दुकानाने असं केलं असतं तर तीन वाजता आलेल्या वाचकाला नवं एचटीएमएल मिळालं असतं, त्यात नवं नाव दिसलं असतं, आणि ते आपल्याकडे नाही म्हणून ब्राउझरने फाइल मागवली असती. न बदललेल्या फायली सकाळच्याच राहिल्या असत्या.

काही साइट नाव तेच ठेवून शेवटी `?v=2` जोडतात. दिसायला तेच, पण सर्व्हरवर फाइल एकच राहते. नवी फाइल चढत असतानाच एखाद्याचा `?v=2` जुनी फाइल असलेल्या सर्व्हरवर पोचला, तर त्याला जुना मजकूर नव्या नावाने मिळतो, आणि मुदत वर्षाची असेल तर वर्षभरासाठी. मी तरी हा मार्ग सुचवणार नाही.

हॅशवाल्या नावांनाही त्यांची म्हणून दोन दुखणी आहेत. नाव आणि मजकूर जुळतात का, हे ब्राउझर तपासत नाही. त्याला ती नुसती अक्षरं. कुणी घाईत थेट सर्व्हरवर `style-5d41402a.css` उघडून एक ओळ दुरुस्त केली, की आपण पुन्हा सोमवारच्या तीन वाजता, आणि या वेळी वर्षभराची मुदत घेऊन. दुसरं दुखणं जास्त आढळतं. वाचकाने पान सकाळी उघडून ठेवलेलं असतं, दुपारी नवी आवृत्ती चढते आणि जुन्या फायली पुसल्या जातात. संध्याकाळी तो एखादं बटण दाबतो, पान सकाळच्या नावाची फाइल मागतं, आणि ती आता नसते. बऱ्याच साइटवर न सापडलेल्या पत्त्याला मुखपृष्ठ पाठवायची सोय केलेली असते. मग जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल येतं आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `Unexpected token '<'` उमटतं. वाचकाला दिसतो पांढरा पडदा.

साइट सांभाळणाऱ्यांनी यासाठी दोन गोष्टी कराव्यात. आधी नव्या फायली चढवाव्यात, एचटीएमएल सगळ्यात शेवटी. आणि जुन्या फायली काही आठवडे तशाच राहू द्याव्यात. नावं वेगळी असल्यामुळे त्या एकमेकींच्या आड येत नाहीत, आणि जागाही फारशी अडत नाही.