चार बाय सातच्या बाथरूममधलं कपाट

पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चार फूट बाय सात फुटांची बाथरूम नेहमी दिसते. बेसिन, कमोड आणि आंघोळीची जागा, सगळं त्यातच. घरात आजीपासून शाळकरी नातवापर्यंत पाच माणसं, आणि सकाळी सगळ्यांना एकाच वेळी घाई. अशा वेळी दुकानातली चोवीस इंची चकचकीत व्हॅनिटी, म्हणजे बेसिनखालचं कपाट, पाहून मन मोहतं. ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते टेप लावल्यावर कळतं.

सात फूट म्हणजे चौऱ्याऐंशी इंच. कमोडवर अवघडून न बसता बसायचं तर त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, म्हणजे तीस इंच हवेत. बादली, स्टूल आणि अंगावर पाणी घेणारा माणूस यांना छत्तीस. उरले अठरा. बेसिनचं कपाट एवढंच रुंद असायला हवं. चोवीस इंची घेतलं तर ते सहा इंच कमोडच्या हद्दीत शिरतं आणि बसणाऱ्याचं कोपर रोज त्याला लागतं. खोली पंधरा इंच पुरते. चार फुटांतून पंधरा गेले की समोर तेहतीस इंच राहतात. एक जण दात घासत असताना दुसरा मागून कसाबसा सरकतो. दार आत उघडत असेल, तर त्याच्या बिजागऱ्या बेसिनच्या समोरच्या बाजूला आहेत ना, तेही आधीच पाहा. नाहीतर दार कपाटावर आपटेल.

आपल्याकडे अडचण जागेइतकीच पाण्याचीही आहे. बादलीतून तांब्याने आंघोळ होते, पाणी चौफेर उडतं आणि शेवटी सगळी फरशी धुतली जाते. म्हणून पाय असलेलं कपाट नको; भिंतीला टांगलेलं, जमिनीपासून निदान फूटभर वर असलेलं घ्या. एमडीएफचा विचारही नको, ते पाणी पिऊन फुगतं. पीव्हीसीचं कपाट फुगत नाही, स्वस्तही असतं, पण हलक्या फळीत स्क्रू ढिले होऊन दारं लोंबतात. सुताराकडून करून घ्यायचं असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय मागा. तोही कुजतो, आणि बहुधा एकाच जागी: बॉटल ट्रॅपच्या पाइपसाठी मागे जे भोक पाडतात, त्याची कापलेली कड उघडीच राहते. सनमायका तिथून सुटू लागला, खालची फळी बोटाला फुगीर लागली, की पाणी शिरलं म्हणून समजा. बसवण्याआधीच त्या कडेला वॉटरप्रूफ सीलंट लावून घ्यावं.

या कपाटाचा आणखी एक शत्रू आपणच आत ठेवतो. फरशी घासायच्या ॲसिडची बाटली! झाकण घट्ट वाटलं तरी तिची वाफ बाहेर येते आणि बंद कपाटात बिजागऱ्या, अँगल कॉक, सगळ्याला गंज चढवते. स्टेनलेस स्टीलही त्यातून सुटत नाही. ती बाटली बाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

आरशाचं कपाट किती उंचीवर लावायचं, यावरून घरात भांडणं होतात, कारण ते लावणारा मिस्त्री स्वतःच्या उंचीने लावतो. डोळे डोक्याच्या साधारण साडेचार इंच खाली असतात. सव्वाचार फुटांच्या नातवाचे डोळे जमिनीपासून साधारण सत्तेचाळीस इंचांवर, पावणेसहा फुटांच्या बापाचे पासष्टच्या आसपास. म्हणून आरसा चव्वेचाळीसपासून अडुसष्ट इंचांपर्यंत, दोन फूट उंच असावा; म्हणजे आजीही मध्ये आपोआप बसते. बेसिनची कड बत्तीस इंचांवर धरली तर नळाला मधे फूटभर जागा राहते. कपाट पाच इंचांपेक्षा खोल नको, कारण चूळ भरून वर येताना कपाळ आपटतं. आत तीन फळ्या पुरतात. औषधं मात्र तिथे ठेवू नका, दमट हवा त्यांना मानवत नाही.

बाकी फळ्यांचं फार काही नाही. शॅम्पू-साबणासाठी आंघोळीच्या कोपऱ्यात टाइल्स लावतानाच ग्रॅनाइटची त्रिकोणी फळी बसवून घेतली तर गंजायला काही उरत नाही. कमोडच्या टाकीवर सहा इंची फळी चालते, पण उठताना डोकं लागणार नाही एवढी उंच.

ड्रिल लावण्याआधी एवढं करा. अँगल कॉकच्या बरोब्बर वर आणि खाली, उभ्या रेषेत भोक पाडू देऊ नका. भिंतीतला पाइप बहुतेक तिथूनच गेलेला असतो. टाइल फोडेपर्यंत हॅमर बंद ठेवायला सांगा. नव्या इमारतींत हलक्या सिमेंटच्या ब्लॉकची भिंत असते, तिथे साधा प्लॅस्टिकचा गट्टू भरल्या कपाटाचं वजन पेलत नाही. त्या ब्लॉकसाठी वेगळे अँकर मिळतात, तेच आणा. आणि टाइल्स अजून बसल्या नसतील, तर आजच उघड्या भिंतींचे, टेप धरून, फोटो काढून ठेवा.