त्याच रिसेप्टरवर श्वासही

वेदना आणि औषधे : भाग ५

मागच्या भागात मॉर्फिन मज्जारज्जूत वेदनेचा निरोप कसा अडवते ते पाहिले. त्यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न या आठवड्यासाठी राखून ठेवला होता : मॉर्फिनने श्वास थांबतो म्हणतात, ते कितपत खरे? खरेच आहे. पण केव्हा आणि कशामुळे, हे नीट कळले तर दोन चुका टळतात. एक, भीतीपोटी कर्करोगाच्या रुग्णाला वेदनेत ठेवण्याची. दुसरी, महिनाभर सुरळीत चाललेला डोस पुढेही सुरक्षितच राहील असे गृहीत धरण्याची.

अफूवर्गीय औषधे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ज्या प्रथिनांना चिकटतात, त्या रिसेप्टरांचे मुख्य प्रकार तीन : म्यू, डेल्टा आणि कॅपा. चौथा नॉसिसेप्टिन रिसेप्टर याच कुळातला, पण मॉर्फिन त्याला जवळपास ओळखतच नाही. कॅपा उत्तेजित झाला तर वेदना थोडी कमी होते, पण मन अस्वस्थ होते आणि काहींना भास होतात. डेल्टाचा उपयोग अजून औषधाच्या दुकानापर्यंत पोचलेला नाही. दवाखान्यातले जवळजवळ सगळे काम म्यू करतो. १९९६ मध्ये म्यूचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले, तेव्हा त्यांच्यात मॉर्फिनने वेदना कमी झाली नाही, गोडी लागली नाही आणि अवलंबित्वही आले नाही. पुढच्या प्रयोगांत अशा उंदरांचा श्वासही मॉर्फिनने मंदावला नाही. म्हणजे हवा असलेला परिणाम आणि नको असलेला परिणाम एकाच रिसेप्टरवरून येतो. वेदना शमवणारे पण श्वासाला न शिवणारे अफूवर्गीय औषध शोधण्यात इतकी वर्षे जाऊनही ते हाती आलेले नाही, याचे मूळ इथे आहे.

मॉर्फिन म्यूला चिकटले की पेशीत तीन गोष्टी घडतात. पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, त्यामुळे पेशी शांत होते आणि सहजासहजी उत्तेजित होत नाही. चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियमच्या वाहिन्या मिटतात, त्यामुळे पुढच्या पेशीला द्यायचे रसायन सुटत नाही. आणि आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू कमी तयार होतो. वेदनेच्या मार्गावर हे घडले तर आराम पडतो. हेच ब्रेनस्टेममध्ये, मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो त्या बुंध्यात घडले, तर श्वासाची लय मंदावते. तिथे प्रीबॉत्झिंगर कॉम्प्लेक्स नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका आहे. आपल्याला विचारही करावा लागत नाही आणि तो श्वास आत घेण्याची लय लावून देतो. या पेशींवरही म्यू रिसेप्टर असतात. थोड्या वर कोलिकर-फ्यूज नावाचा दुसरा पुंजका श्वास केव्हा संपवायचा ते सांभाळतो. २०२० मध्ये उंदरांच्या या दोन जागांतून म्यू काढून टाकले, तेव्हा अफूवर्गीय औषधांचा श्वासावरचा परिणाम बराच ओसरला. याशिवाय मॉर्फिन आणखी एक घात करते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की एरवी श्वास जोरात चालू लागतो, ती जाणीवच बोथट होते. गुदमरायला होत असूनही रुग्णाला गुदमरल्यासारखे वाटत नाही.

मग रोज मॉर्फिन घेणारे शेकडो रुग्ण व्यवस्थित श्वास कसे घेतात? इथे टॉलरन्स येतो, म्हणजे तोच डोस दिला तरी शरीराकडून मिळणारा प्रतिसाद घटत जाणे. सतत उत्तेजित राहिलेल्या म्यूच्या शेपटीवर पेशीतली एन्झाइमे फॉस्फेट चिकटवतात, मग अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन त्याचा संकेत तोडते आणि काही रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात. शिवाय पेशी उलट दिशेने जोर लावते : दाबून ठेवलेल्या सायक्लिक एएमपीची यंत्रणा ती हळूहळू वाढवून ठेवते. औषध अचानक बंद झाले की दाब निघतो आणि वाढवलेली यंत्रणा मोकाट सुटते. घाम, जुलाब, अंगावर काटा, झोप उडणे ही विथड्रॉवलची लक्षणे तिथून येतात. व्यसन ही वेगळी गोष्ट आहे. टॉलरन्स आणि विथड्रॉवल हे शरीराचे धर्म आहेत आणि मनाने औषधाच्या मागे न लागलेल्या रुग्णातही ते दिसतात.

टॉलरन्स सगळ्या परिणामांना सारख्या वेगाने येत नाही. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठाला तो जवळजवळ येतच नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर जुलाबाचे औषध पहिल्या दिवसापासून लिहावेच लागते. डोळ्यांच्या बाहुल्याही लहानच राहतात. श्वास मंदावण्याला टॉलरन्स येतो, पण अपुरा, आणि औषध काही दिवस किंवा आठवडे थांबले की तो उतरतो. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आलेला माणूस जुन्याच प्रमाणात हेरॉइन घेतो आणि पहिल्या काही दिवसांत दगावतो, त्याचे कारण हेच. प्रमाण जुने असते, पण ते सोसणारे शरीर जुने उरलेले नसते.

घरात चाललेल्या मॉर्फिनमध्ये हा तोल कसा ढळतो ते एका रुग्णावरून पाहू. तो मी कल्पिलेला आहे, पण त्याच्या बाबतीत घडणारी प्रत्येक गोष्ट पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करणाऱ्यांच्या ओळखीची आहे. तोंडाच्या कर्करोगाचा, पासष्टीचा शेतकरी. दर चार तासांनी ३० मिलिग्रॅम मॉर्फिनची गोळी, दिवसाचे १८० मिलिग्रॅम. दोन महिने छान चालले आहे. श्वास मिनिटाला १६, बोलणे स्पष्ट, दुखणे आटोक्यात. मग जुलाब लागतात. पाणी पुरेसे जात नाही. त्यातच पाय दुखतात म्हणून कोणीतरी डायक्लोफेनॅक सुरू करते, आणि कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडांवर त्याचा आणखी ताण येतो. लघवी कमी होते, क्रिएटिनिन १ वरून ४ वर जाते. मॉर्फिन मात्र ठरल्याप्रमाणे चालूच असते, कारण गोळ्यांत काहीही बदललेले नसते.

यकृत मॉर्फिनचे रूपांतर दोन पदार्थांत करते आणि ते दोन्ही मूत्रपिंडांतून बाहेर जातात. त्यातला मॉर्फिन-६-ग्लुकुरोनाइड हा स्वतः म्यूला उत्तेजित करतो. मूत्रपिंडे ढेपाळली की तो साचतो. मेंदूत तो हळूहळू शिरतो आणि हळूहळूच बाहेर पडतो. म्हणून बिघाड लगेच न दिसता दोन-तीन दिवसांनी उघडा पडतो. रुग्ण आधी पेंगू लागतो, घास तोंडात ठेवून झोपतो. हातपाय अधूनमधून झटके देतात. मग घोरण्यासारखा आवाज आणि मध्ये लांब विराम. घरच्यांना वाटते, किती दिवसांनी शांत झोप लागली! श्वास मंदावण्याच्या आधी गुंगी वाढते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हाक मारल्यावर डोळे न उघडणारा, किंवा वाक्य अर्धवट सोडून पुन्हा झोपणारा रुग्ण झोपलेला नाही असे धरावे आणि छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असणे हे एकटे लक्षण मानू नये, कारण नेहमी मॉर्फिन घेणाऱ्याच्या बाहुल्या तशाच असतात.

आपल्या रुग्णाचा श्वास मिनिटाला ६ आहे. रुग्णालयात त्याला ऑक्सिजन लावतात आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ९७ दाखवतो. सगळे हुश्श करतात. पण हा आकडा फसवा आहे. बाहेरून ऑक्सिजन मिळाला की मंद श्वासावरही रक्तातला ऑक्सिजन चांगला राहतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर जात नाही. धमनीतल्या रक्ताची तपासणी केली तर तो ४० च्या आसपास असायला हवा, तिथे ६८ निघतो.

आता नॅलोक्सोन. हा म्यूचा प्रतिरोधक म्हणजे अँटॅगोनिस्ट आहे. तो रिसेप्टरला घट्ट चिकटतो, पण त्याला उत्तेजित करत नाही, आणि त्यामुळे मॉर्फिनला जागा उरत नाही. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल जसा, बसत कोणी नाही पण जागा धरली जाते. पण हा रुमाल जेमतेम तासभरच तिथे राहतो. डोस किती द्यायचा हे रुग्ण कोण आहे यावर ठरते. रस्त्यावर बेशुद्ध सापडलेल्या व्यसनी माणसाला ०.४ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक लगेच देतात. आपल्या कर्करोगाच्या रुग्णाला ते एकदम दिले, तर श्वासाबरोबर दोन महिन्यांची अडवलेली वेदनाही एका क्षणात परत येईल, वर विथड्रॉवल. म्हणून ०.४ मिलिग्रॅमची एक अँप्यूल सलाइनमध्ये मिसळून १० मिलिलिटर करतात. आता दर मिलिलिटरमध्ये ४० मायक्रोग्रॅम आहेत. शिरेतून एक मिलिलिटर, दोन मिनिटे थांबून श्वास मोजायचा, मग पुढचा. रुग्ण बसून बोलू लागला पाहिजे हे उद्दिष्ट नसते. श्वास १० च्या वर गेला की थांबायचे. आपल्या रुग्णाला तीन मिलिलिटर, म्हणजे १२० मायक्रोग्रॅम लागले. श्वास ११ झाला, त्याने डोळे उघडले.

खरी चूक बहुधा यानंतर होते. रुग्ण जागा झाला म्हणून माणसे पांगतात. तासाभरात नॅलोक्सोन ओसरते. साचलेले मॉर्फिन-६-ग्लुकुरोनाइड मात्र तिथेच असते, मूत्रपिंडे बंद असताना ते दिवसदिवस हलत नाही. श्वास पुन्हा ६ वर येतो, आणि आता शेजारी कोणी नसते. म्हणून जेवढ्याने काम झाले त्याच्या दोन तृतीयांश नॅलोक्सोन दर तासाला, इथे ८० मायक्रोग्रॅम, थेंबाथेंबाने चालू ठेवायचे आणि मूत्रपिंडे सावरेपर्यंत श्वास मोजत राहायचे. मॉर्फिन आणि डायक्लोफेनॅक थांबतात, पाणी शिरेतून जाते. दुखणे परत डोके वर काढू लागले की असे औषध शोधावे लागते ज्याचे अवशेष मूत्रपिंडांवाचून अडून राहत नाहीत. बहुधा कमी डोसमधले फेंटानिल.

या टप्प्यावर रात्रपाळीच्या वॉर्डात आणखी एक घोटाळा होऊ शकतो. रुग्ण कण्हतो म्हणून हाताशी असलेले पेंटाझोसिनचे इंजेक्शन दिले जाते. ते कॅपाला उत्तेजित करते, पण म्यूवर त्याचा जोर इतका कमी असतो की मॉर्फिनने भरलेल्या रिसेप्टरवर बसले तर मॉर्फिनला ढकलून देते. रुग्णाला आराम पडायच्या ऐवजी दुखणे वाढते, घाम फुटतो, भास होतात. महिनोन्‌महिने मॉर्फिन घेणाऱ्याला हे इंजेक्शन देऊ नये.

ब्युप्रेनॉर्फिनचे वागणे यापेक्षा वेगळे आहे. म्यूला ते फार घट्ट धरते, पण उत्तेजना अर्धवटच देते. त्यामुळे डोस वाढवत नेला तरी श्वासावरचा परिणाम एका पातळीपुढे फारसा जात नाही. हेरॉइनच्या व्यसनावर त्याच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या सरकारी केंद्रांतही दिल्या जातात, त्याचे एक कारण हे आहे. पण ही मर्यादा औषध एकटे असेपर्यंतच. त्याच्याबरोबर दारू किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी असेल तर ती ढासळते, आणि मग नॅलोक्सोनही सहजी काम करत नाही. ब्युप्रेनॉर्फिन जागा सोडायला वेळ लावते, म्हणून नॅलोक्सोन जास्त आणि दीर्घकाळ द्यावे लागते.

घरी मॉर्फिन चालू असलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर म्हणून तीन गोष्टी ठळक लिहून ठेवाव्यात : शेवटचे क्रिएटिनिन व त्याची तारीख, झोपेची कोणती गोळी चालू आहे, आणि गेल्या काही दिवसांत वेदना कमी करणारे काही झाले का. रेडिएशनने किंवा नर्व्ह ब्लॉकने दुखणे ओसरले, तर कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त ठरू शकतो. वेदना स्वतःच श्वासाला ढोसत असते, आणि ती गेली की मॉर्फिनला विरोध करणारे काही उरत नाही. अशा वेळी डोस लगेच पण टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो, एकदम बंद करून नव्हे. तो कसा उतरवायचा, हे पुढच्या भागात.