मुद्दल सुरक्षित, पण कोणाच्या भरवशावर?

बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर निवृत्त कामगाराला म्हणतो, "काका, मुद्दल सुरक्षित, वर निफ्टीचा लाभ." तो जी वस्तू पुढे करतो ती म्हणजे बाजाराशी जोडलेला कर्जरोखा, मार्केट लिंक्ड डिबेंचर. ही बँकेची ठेव नव्हे. बँक येथे बहुधा मध्यस्थ असते; आपण कर्ज देतो ते एखाद्या वित्त कंपनीला. म्हणून पहिला प्रश्न हा, की पैसे परत करणार कोण? ती कंपनी बुडाली तर 'सुरक्षित' मुद्दलही धोक्यात येते. बँकेतील ठेवीला असणारे 5 लाखांपर्यंतचे विमासंरक्षण येथे नाही.

दुसरा प्रश्न अटीचा. समजा, 10 लाख रुपये 3 वर्षांसाठी गुंतवले. अखेरच्या दिवशी निफ्टी आरंभीच्या पातळीइतका किंवा वर असेल तर 13 लाख, नाहीतर फक्त 10 लाख. आरंभी 20,000 असलेला निफ्टी अखेरीस 19,990 वर थांबला, तर दहा अंकांपायी तीन लाख गेले. तेच पैसे दरसाल 7 टक्के चक्रवाढीने ठेवले असते तर सुमारे सव्वाबारा लाख झाले असते.

तिसरा प्रश्न, मधेच गरज पडली तर? रोखा बाजारात नोंदलेला असला तरी गिऱ्हाईक मिळणे कठीण, आणि मिळाले तरी भाव पडेल तो. शेवटी, यात बँकेला कमिशन किती, हेही विचारावे.

मालकाशी करार करताना आम्ही तोंडी शब्दावर कधी सही केली नाही. येथेही उत्तरे लेखी घ्यावीत.