बॉनेटमधलं आकाश पोपटी का झालं?

सकाळच्या उन्हात उभी असलेली लाल हॅचबॅक. गिऱ्हाइकाला फोटोत तीच गाडी निळी हवी आहे. फोटोशॉपमध्ये Hue/Saturation उघडून Hue ची पट्टी -120 वर नेली की लाल पत्रा निळा होतो खरा, पण बॉनेटमध्ये पडलेलं निळं आकाशही पोपटी दिसू लागतं. फोटो तिथेच फसतो.

याचं कारण गाडीच्या रंगकामात आहे. रंगाच्या थरावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. समोरून पाहिलं तर तो जेमतेम 4 टक्के प्रकाश परत पाठवतो. तिरकं पाहिलं तर बराच जास्त. हा प्रकाश खालच्या रंगाला शिवलेलाच नसतो, म्हणून आकाश निळंच आणि उन्हाची चमक पांढरीच दिसते. उरलेला प्रकाश आत शिरतो आणि लाल होऊन बाहेर येतो. कॅमेऱ्यात या दोन्ही प्रकाशांची बेरीज उतरते. बदलायचा असतो तो फक्त दुसरा.

म्हणून आधी पत्र्यापुरता मास्क करावा. काचा, रबर आणि लाल टेललॅम्प त्यातून वगळावेत. मग रंगाच्या लेअरला Blend If लावावं. Underlying Layer खालचा पांढरा त्रिकोण Alt दाबून दुभंगता येतो. त्याचे दोन भाग 200 आणि 240 वर ठेवले, तर 240 च्या वरची चमक मूळचीच राहते आणि मधल्या छटा हळूहळू मिसळतात. आकडे फोटोगणिक बदलतात, पण चूक ओळखायची खूण एकच: चमकेभोवती गुलाबी कडा. लाल आणि पांढरा मिसळून झालेली ती जुनी छटा असते. ती दिसली की त्रिकोण आणखी उजवीकडे सरकवायचे. आकाशाचं प्रतिबिंब मात्र इतकं उजळ नसतं. ते मऊ ब्रशनं मास्कवर हातानंच मोकळं करावं लागतं.

काळा रंग सर्वांत अवघड. पत्रा काळा झाला तरी क्लिअर कोटवरचं प्रतिबिंब तेवढंच राहतं, उलट अधिक उठून दिसतं. सगळंच गडद केलं तर गाडी रबराची वाटते.

चाकांचं गणित वेगळं आहे. 15 इंची चाकाच्या जागी 17 इंची अलॉय बसवताना टायरचा बाहेरचा घेर वाढवायचा नसतो. 195/65 R15 आणि 225/45 R17 या दोन्ही टायरांचा व्यास सुमारे 634 मिलिमीटर भरतो. रिम मोठी होते, टायरची भिंत बारीक होते. नवं चाक त्याच कोनातून टिपलेलं हवं, कारण तिरक्या गाडीचं चाक लंबगोल दिसतं आणि त्या लंबगोलाचा आखूड अक्ष आसाच्या दिशेनं असावा लागतो. आऱ्यांमधून मूळचा डिस्क ब्रेक आणि कमानीची सावली दिसू द्यावी. चकचकीत रिमच्या वरच्या भागात आकाश असतं, खालच्या भागात जमीन. स्टुडिओत टिपलेलं चाक इथेच उघडं पडतं.

शेवटी गाडीलगतची जमीन जरूर पाहावी. मूळ गाडीची लाल झाक काँक्रीटवर तशीच पडलेली असते. तीही निळी करावी लागते.