नाव कुठल्या दिशेला उलटली?

‘आपणही नेरुळ पूर्व, नेरुळ पश्चिम म्हणतो. मग दिशांच्या भाषेत बोलणारे आपणच की!’ असं एका वाचकाने लिहिलं आहे. तसं नाही. आपली पूर्व-पश्चिम ही रुळांच्या दोन बाजूंची नावं. स्टेशनाबाहेर रिक्षात बसलो की आपलं ‘पुढे डावीकडे घ्या’ सुरू होतं.

याउलट ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या होपव्हेल इथे गुगू यिमिथिर बोलणाऱ्यांकडे डाव्या-उजव्या हातासाठी शब्द आहेत, पण वस्तूची जागा सांगायला ते वापरत नाहीत. शेजारच्याला सरकायला सांगायचं तरी ‘जरा पश्चिमेला’.

तिथल्या जॅक बांबी यांची नाव समुद्रात पूर्वेकडून पश्चिमेकडे उलटली होती. 1980 साली अभ्यासक जॉन हॅविलँड यांनी ही हकीकत चित्रित केली, तेव्हा बांबी पश्चिमेकडे तोंड करून बसले होते आणि नाव उलटताना त्यांचे हात समोर गेले. दोन वर्षांनी दुसरे अभ्यासक स्टीफन लेव्हिन्सन यांना तीच हकीकत सांगताना तोंड उत्तरेला होतं, तर हात उजवीकडून डावीकडे वळले. शरीर फिरलं, पण आठवणीतली नाव दोन्ही वेळा पश्चिमेलाच उलटली!

लेव्हिन्सन यांनी होपव्हेलच्या माणसांना रानात नेऊन दूरच्या ठिकाणांकडे बोट दाखवायला लावलं, तेव्हा चूक सरासरी 14 अंशांच्या आसपास निघाली. यात जादू नाही. ज्याला प्रत्येक वाक्यात दिशा सांगावी लागते, त्याला ती सतत माहीत ठेवावीच लागते.

पण हे भाषेमुळे की परिसरामुळे? इथे तमिळनाडूचं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. एरिक पेडरसन यांनी 1990च्या दशकात तमिळच बोलणाऱ्या दोन गटांची तुलना केली. शहरी लोक डावं-उजवं म्हणत, खेड्यातले उत्तर-दक्षिण. चाचणी सोपी होती. टेबलावर खेळण्यातले प्राणी उजवीकडे, म्हणजे समजा उत्तरेकडे, तोंड करून ओळीत मांडायचे. माणसाला मागच्या टेबलाकडे वळवून तीच ओळ मांडायला सांगायचं. पुन्हा उजवीकडे तोंडं केली तर त्याने ओळ स्वतःच्या शरीरावरून लक्षात ठेवली. उत्तरेकडे, म्हणजे आता डावीकडे, केली तर दिशेवरून. दोन्ही गटांचा कल आपापल्या बोलण्याप्रमाणेच होता. अर्थात शहर आणि खेड्यात फक्त बोलणं वेगळं नसतं. शाळा आणि रोजची कामंही वेगळी असतात.

म्हणून ‘भाषा मेंदू घडवते’ हा मथळा मला घाईचा वाटतो. पेगी ली आणि लीला ग्लाइटमन यांनी 2002 साली अमेरिकी विद्यार्थ्यांची हीच चाचणी घेतली. खिडकीचे पडदे उघडे ठेवून बाहेरच्या खुणा दिसू दिल्या, तेव्हा इंग्रजी बोलणारे काही जणही दिशेच्या हिशेबाने मांडू लागले. लेव्हिन्सन यांच्या गटाला हा आक्षेप पटला नाही आणि त्यांनी तसं लिहूनही उत्तर दिलं. माझ्या मते वाद मिटवायचा तर चाचणी बंद खोलीत, खुणा झाकूनच घ्यायला हवी. तिथेही ज्याची ओळ उत्तरेलाच राहते, त्याने दिशा खिडकीतून उचललेली नसते.