पासवर्ड बदलला आणि आपलेच बाहेर राहिले

समजा, एका कंपनीच्या डेटाबेसचा पासवर्ड चुकून गिटहबवरच्या उघड्या कोडमध्ये गेला. अशा कोडमधून पासवर्ड वेचणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात, तेव्हा कुणी पाहिला नसेल असं धरून चालत नाही. सकाळी अकराला प्रकार लक्षात आला आणि पाच मिनिटांत डेटाबेसवर नवा पासवर्ड लागला. साइट नीट चालली होती. पण सव्वाअकरानंतर ती संथ होऊ लागली, अकरा-पस्तीसपर्यंत ऑर्डरी पूर्ण थांबल्या आणि लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटू लागली:

```
FATAL: password authentication failed for user "orders"
```

प्रसंग कल्पित आहे, पण यातला अर्ध्या तासाचा उशीर अगदी खरा आहे, आणि सगळ्यांची दिशाभूल तोच करतो. एव्हाना पासवर्डचा विषय सगळ्यांच्या डोक्यातून गेलेला असतो आणि शोध भलतीकडेच सुरू होतो.

उशीर होण्याचं कारण असं, की पोस्टग्रेस हा डेटाबेस पासवर्ड फक्त जोडणी उघडताना तपासतो. एकदा आत घेतलं की पुन्हा विचारत नाही. दर ऑर्डरीला नवी जोडणी उघडणं महाग पडतं, म्हणून प्रोग्राम दहा-वीस जोडण्या उघडून ठेवतात आणि त्याच आलटून पालटून वापरतात. जावाच्या जगात हे काम बहुधा हिकारी नावाची लायब्ररी करते. वेगळं काही सांगितलं नाही, तर ती प्रत्येक जोडणी साधारण तीस मिनिटांनी बंद करून नवी उघडते. जुन्या जोडण्या अशा एकेक करून संपत जातात. नवी उघडताना मात्र प्रोग्राम आपल्या स्मृतीतला जुनाच पासवर्ड पुढे करतो, कारण त्याने तो सुरू होताना एकदाच वाचलेला असतो. कुबरनेटीसमध्ये सीक्रेट बदललं तरी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतलेली किंमत चालू प्रोग्रामसाठी बदलत नाही. त्याला रीस्टार्टच करावं लागतं. म्हणून अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा तो हा: अडखळणारा प्रोग्राम पासवर्ड बदलण्याआधी सुरू झालाय की नंतर?

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. 21 मार्च 2025 रोजी क्लाउडफ्लेअरची आर-टू ही साठवण सेवा 1 तास 7 मिनिटं कोलमडली. त्या काळात लिहिण्याची सगळी कामं आणि वाचण्याची सुमारे 35 टक्के कामं फसली. तिथे काही फुटलं नव्हतं, नेहमीची किल्लीबदल चालली होती. नव्या किल्ल्या देणाऱ्या कमांडमध्ये `--env production` हा तुकडा राहिला, त्यामुळे त्या खऱ्या सेवेऐवजी चाचणीच्या सेवेला मिळाल्या. काम झालं असं समजून जुन्या किल्ल्या काढून टाकल्या गेल्या. काढल्याचा परिणाम सगळीकडे पोचायला वेळ लागला, त्यामुळे घसरणही हळूहळूच दिसली. नंतर कंपनीने ठरवलं, की सेवा कोणती किल्ली वापरते आहे हे तिच्या क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांवरून लॉगमध्ये दिसायला हवं, आणि नवी किल्ली तिथे दिसल्याशिवाय जुनी काढायची नाही. मला हा उपाय लांबलचक नियमावलीपेक्षा जास्त पटतो.

यासाठी दोन किल्ल्या काही काळ एकत्र चालाव्या लागतात. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये एका वापरकर्त्याला दोन ॲक्सेस की ठेवता येतात. मायएसक्यूएलमध्ये 8.0.14 पासून जुना पासवर्ड राखून नवा देता येतो. पोस्टग्रेसमध्ये एका नावाला एकच पासवर्ड असतो, म्हणून तिथे तेच अधिकार असलेलं दुसरं नाव तयार करून सेवा त्यावर हलवतात.

पण किल्ली फुटलेली असेल तर? ती चालू राहील तितका वेळ चोरालाही दार उघडं. उलट, घाईत एखादी विसरली तरी पंचाईत. ऑक्टोबर 2023 मध्ये ऑक्टा कंपनीत झालेल्या चोरीनंतर याच क्लाउडफ्लेअरकडून चार किल्ल्या बदलायच्या राहिल्या. त्या वापरात नाहीत असा समज होता. नोव्हेंबरमध्ये घुसखोर त्यांच्याच आधारे आत आला आणि मग कंपनीने पाच हजारांवर किल्ल्या बदलल्या. माझ्या मते दोन्ही किल्ल्या एकत्र चालण्याचा काळ मिनिटांत मोजण्याइतका आखूड ठेवावा, आणि तेवढ्यात जुनी किल्ली कुठल्या पत्त्यावरून वापरली जाते हे डोळ्यांत तेल घालून पाहावं. पैसे किंवा ग्राहकांची माहिती प्रत्यक्ष बाहेर जाताना दिसली, तर सेवा बंद पडली तरी चालेल, जुनी किल्ली तत्काळ तोडावी.

तोडतानाही अकराच्या त्या प्रसंगातली खोच उरतेच. चोराने आधीच उघडलेली जोडणी पासवर्ड बदलल्यावरही जिवंत असते, आणि ती तीस मिनिटांनी बंद करणारी हिकारी त्याच्याकडे असेलच असं नाही. म्हणून सेवा नव्या नावावर आल्या की जुन्या नावाचं लॉगिन बंद करून त्याच्या उरलेल्या जोडण्या हाताने तोडाव्या लागतात:

```
ALTER ROLE orders NOLOGIN;
SELECT pg_terminate_backend(pid)
FROM pg_stat_activity WHERE usename = 'orders';
```

त्याआधी याच तक्त्यातला `client_addr` हा रकाना टिपून ठेवावा. जोडण्या तुटल्या की तिथले पत्तेही दिसेनासे होतात.