उतार शून्य आला, पण उत्तर मिळालं का?

बारावीच्या गणिताच्या पेपरात पिढ्यान्‌पिढ्या येणारा एक प्रश्न आहे. पत्र्याचा चौरस तुकडा दिलेला असतो, समजा ३० सेंटिमीटर बाजूचा. चारही कोपऱ्यांतून सारख्या मापाचे लहान चौरस कापून काढायचे, उरलेल्या कडा वर दुमडायच्या आणि बिनझाकणाचा डबा तयार करायचा. डब्यात जास्तीत जास्त मावायला हवं, तर कोपरा किती कापायचा?

थोडा कापला तर डबा ताटासारखा उथळ होतो, जास्त कापला तर उंच पण अरुंद. कोपऱ्यातल्या चौरसाची बाजू x सेंमी धरली, तर डब्याची उंची x आणि तळाची प्रत्येक बाजू ३० वजा २x होते. म्हणून घनफळ असं:

V = x(30 − 2x)²

कोपरा २ सेंमी कापला, तर घनफळ १,३५२ घन सेंमी येतं. कात्री आणखी थोडी आत नेली, तर ते किती वेगाने वाढेल? २.१ सेंमीला घनफळ ४५.८४४ ने वाढतं. ही वाढ ०.१ सेंमीमागची, म्हणजे दर सेंटिमीटरला ४५८.४४. पाऊल आणखी लहान घेऊन २.०१ वर तपासलं, तर दर येतो ४६७.०४ आणि २.००१ वर ४६७.९०४. आकडे ४६८ च्या दिशेने सरकताहेत हे उघड दिसतं. पाऊल हवं तेवढं लहान घेतलं की दर ४६८ च्या हवा तेवढा जवळ आणता येतो. या ४६८ लाच त्या दराची सीमा म्हणतात, आणि हीच संख्या म्हणजे x = २ वरचा घनफळाचा अवकलज, आलेखाच्या भाषेत तिथला उतार.

पाऊल सरळ शून्य का घ्यायचं नाही? कारण मग वाढही शून्य आणि पाऊलही शून्य, आणि शून्य भागिले शून्य याला काही अर्थ उरत नाही. न्यूटन आणि लायबनिट्स यांच्या काळातल्या गणितात पाऊल आधी शून्य नाही असं धरून भागाकार करायचे आणि मग तेच पाऊल शून्य मानून सोडून द्यायचे. या कोलांटउडीवर बिशप जॉर्ज बर्कली यांनी १७३४ साली बोट ठेवलं आणि त्यांचा आक्षेप रास्तच होता. त्याला पक्कं उत्तर मिळायला पुढचं शतक उजाडावं लागलं. सीमेच्या कल्पनेत पाऊल शून्याकडे जातं, शून्य होत नाही, म्हणून ती अडचणच उद्भवत नाही.

आता डब्याकडे परत येऊ. उतार धन आहे तोवर कात्री आत नेण्यात फायदा, ऋण झाला की तोटा. म्हणून शिखर शोधायचं तर उतार शून्य कुठे होतो ते पाहायचं. वरच्या सूत्राचा अवकलज काढून अवयव पाडले की हे मिळतं:

V′ = 12(x − 5)(x − 15)

म्हणजे x = ५ किंवा x = १५. पंधरा सेंमीचे चार चौरस कापले तर अख्खा पत्रा संपतो आणि तळच उरत नाही. गणिताने दोन्ही उत्तरं प्रामाणिकपणे दिली, पण पत्रा एकच उत्तर मान्य करतो. दुसरा अवकलज x = ५ वर −१२०, म्हणजे ऋण आहे, त्यामुळे तिथे शिखरच आहे, दरी नाही. डबा २० × २० × ५ सेंमीचा आणि घनफळ २,००० घन सेंमी. १५ हे उत्तर का सोडलं ते उत्तरपत्रिकेत एका ओळीत लिहायलाच हवं. ती ओळ गाळली की उत्तर अर्धवट राहतं.

शिखराजवळ काय घडतं ते मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर वाटतं. ५ ऐवजी ५.१ सेंमी कापलं, तर घनफळ साधारण १,९९९.४ येतं. म्हणजे कात्री एक मिलिमीटर चुकली तर जेमतेम ०.६ घन सेंमीचा फटका. तीच एका मिलिमीटरची चूक २ सेंमीपाशी जवळपास ४६ घन सेंमीचा फरक पाडत होती. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांच्या हे अवकलज जन्मण्याच्या कितीतरी आधी लक्षात आलं होतं. १६१३ मध्ये स्वतःच्या लग्नासाठी त्यांनी वाइन घेतली. पिंपाच्या भोकातून तिरकी काठी घालून ती मोजण्याची पद्धत त्यांना खटकली आणि त्यातून १६१५ मध्ये पिंपांच्या घनफळावरचं पुस्तक झालं. सर्वाधिक घनफळाच्या आसपास मापं थोडी बदलली तरी फरक जाणवण्याइतका पडत नाही, ही गोष्ट त्यांनी त्यात नोंदवली. उतार शून्य असणं म्हणजे हेच.

इथपर्यंत पद्धत बिनचूक चालते, आणि म्हणूनच विद्यार्थी ‘अवकलज शून्य धरा, x काढा’ एवढंच पाठ करतात. ते कुठे फसतं हे दुसऱ्या एका नेहमीच्या प्रश्नात दिसतं. २८ मीटर तारेचे दोन तुकडे करायचे, एकाचं वर्तुळ आणि दुसऱ्याचा चौरस करायचा. दोन्ही क्षेत्रफळांची बेरीज कमीत कमी कधी होईल? वर्तुळाला x मीटर तार दिली तर:

A = x²/4π + (28 − x)²/16

अवकलज शून्य धरला की वर्तुळाला सुमारे १२.३२ मीटर आणि चौरसाला १५.६८ मीटर तार येते. एकूण क्षेत्रफळ साधारण २७.४ चौरस मीटर. गंमत म्हणजे तेव्हा वर्तुळाचा व्यास आणि चौरसाची बाजू दोन्ही ३.९२ मीटर भरतात, म्हणजे ते वर्तुळ त्या चौरसात नेमकं बसतं.

आता प्रश्नातला एकच शब्द बदलू. कमीत कमीच्या जागी जास्तीत जास्त. अवकलज तोच, शून्य होण्याची जागाही तीच, आणि तिथे तर दरी आहे. मग शिखर कुठे? टोकांवर बघावं लागतं. सगळ्या तारेचा चौरस केला तर ४९ चौरस मीटर, सगळ्या तारेचं वर्तुळ केलं तर सुमारे ६२.४. उत्तर x = २८ वर आहे आणि तिथला उतार शून्याच्या जवळपासही नाही. तार तिथे संपते, म्हणून चढणही तिथेच संपते. आणि प्रश्नात ‘दोन्ही आकृत्या व्हायलाच हव्यात’ असं म्हटलं, तर जास्तीत जास्त असं क्षेत्रफळच अस्तित्वात नाही. २७.९ मीटर दिली तरी २७.९९ देऊन आणखी थोडं वाढवता येतं, आणि हे कुठेच थांबत नाही.

शिखर आणि दरी नक्की सापडतील अशी हमी गणित देतं, पण दोन अटींवर. टोकं धरून मर्यादित पट्टा हवा आणि त्यावर फलन संतत हवं, म्हणजे कुठल्याही बिंदूच्या जवळ जाताना येणारी सीमा आणि त्या बिंदूवरची किंमत एकच हवी. संततपणा मोडला की काय होतं ते पाहायला दुकानाचं बिल पुरतं. समजा केबल ५० रुपये मीटर आहे, पण १०० मीटर किंवा जास्त घेतली तर सगळीच ४५ रुपये दराने मिळते. ९९ मीटरचं बिल ४,९५० रुपये, १०० मीटरचं ४,५००. शंभराच्या अलीकडून जवळ जाताना बिल ५,००० कडे सरकतं आणि शंभरावर धाडकन खाली येतं.

या बिलाचा उतार अलीकडे ५० आहे, पलीकडे ४५. शून्य कुठेच नाही आणि उडीच्या जागी तर अवकलजच निघत नाही. ९५ मीटर केबल लागणाऱ्याने अवकलज शून्य धरून काहीही शोधलं तरी त्याच्या हाती काही लागणार नाही. ९५ मीटरचे ४,७५० होतात, १०० मीटरचे ४,५००, म्हणजे सर्वांत कमी खर्च उडीवरच आहे. ९० मीटरचेही ४,५०० च होतात, त्यामुळे ९० च्या पुढे आणि १०० च्या आत कितीही केबल लागणार असली, तरी १०० मीटर घेणंच स्वस्त पडतं.